ब्रिक्स, पोल, रिकव्हरी: दुधाची उपमा कुठवर चालते

प्रश्न: ताई, मी निपाणी भागातला. आमच्या शेतकरी मंडळासाठी उसाच्या रिकव्हरीवर चार पानी पुस्तिका लिहितोय. "ब्रिक्स म्हणजे उसातली साखर आणि रिकव्हरी म्हणजे हाती आलेली साखर" असं लिहिलं, तर कारखान्याच्या केमिस्टनी ते खोडलं. ते सांगतात तसं लिहिलं, तर गावात वाचून कुणाला कळेना. गावाला कळेल आणि केमिस्टलाही खोडता येणार नाही अशी उपमा कशी शोधायची?

उत्तर: केमिस्टनी खोडलं ते बरोबरच केलं. ब्रिक्स हे उसाचं मोजमाप नाहीच, ते रसाचं आहे. आणि रसातही ते एकट्या साखरेचं नाही. रसात जे जे विरघळलेलं असतं, म्हणजे आपली खायची साखर (सुक्रोज), शिवाय ग्लुकोज, फ्रुक्टोज, क्षार, आम्लं, त्या सगळ्यांचं मिळून शंभर किलो रसात वजन किती, ते ब्रिक्स सांगतो. तुमचं वाक्य वाचलेला माणूस फडात रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावतो, त्याला २० दिसतं. कारखान्याच्या कागदावर ११ असतं. मग मधले नऊ कुणी खाल्ले, हा प्रश्न त्याला पडणारच. चिकोडीपासून अथणीपर्यंत हंगामात हा प्रश्न ऐकू येतो, आणि तो पुष्कळदा अशाच एखाद्या सोप्या केलेल्या वाक्यातून आलेला असतो.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केल्यावर मी शेतकऱ्यांसाठी लिहायला लागले, तेव्हापासून उपमा निवडताना आधी मोजणारं साधन बघते. ते साधन नेमकं कशाला प्रतिसाद देतं, आणि त्याच तत्त्वावर चालणारं दुसरं साधन वाचकाच्या घरी किंवा गावात आहे का? ब्रिक्सच्या बाबतीत ते आहे. प्रयोगशाळेतलं ब्रिक्स हायड्रोमीटर रसात तरंगतं, डेअरीतला लॅक्टोमीटर दुधात तरंगतो. दोघंही द्रवाची घनता बघतात. द्रव जड असेल तर वर राहतात, हलका असेल तर खाली जातात. फडातला रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वाकतो ते बघतो, पण आकडा त्याच मापात देतो. सीमाभागात बहुतेक घरी ऊस आणि म्हैस दोन्ही असतात. सकाळी डेअरीत डिग्री आणि फॅट ऐकलेल्या माणसाला वेगळं काही शिकवावं लागत नाही.

ही उपमा दोन टोकांना पक्की बसते, म्हणून मी ती घेते. पहिलं टोक म्हणजे साधनाचं आंधळेपण. दुधात पाणी घालून वर साखर ढवळली की लॅक्टोमीटर फसतो, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. जडपणा कशामुळे आला ते त्याला कळत नाही. ब्रिक्सचंही तसंच. ग्लुकोजमुळे आकडा वाढला की सुक्रोजमुळे, त्याला फरक पडत नाही. दुसरं टोक असं की डेअरीवाला डिग्रीवर थांबत नाही, फॅट वेगळी काढतो. प्रयोगशाळाही ब्रिक्सवर थांबत नाही, पोल वेगळा काढते. पोल पोलॅरिमीटरवर मोजतात. सुक्रोजच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश गेला की तो उजवीकडे वळतो, आणि किती वळला त्यावरून सुक्रोज किती ते ठरवतात.

पुस्तिकेत हे असं लिहिता येईल: "डेअरीत लॅक्टोमीटर दुधाचा जडपणा सांगतो, फॅट वेगळी मोजावी लागते. उसाच्या रसात ब्रिक्स हा जडपणाचा आकडा आहे: शंभर किलो रसात विरघळलेले सगळे पदार्थ मिळून किती किलो. त्यातली साखर वेगळी मोजतात, तिला पोल म्हणतात: शंभर किलो रसात सुक्रोज किती किलो. ब्रिक्सच्या शंभर भागांत पोलचे किती भाग, याला प्युरिटी म्हणतात."

या चार वाक्यांत मी काय केलंय ते बघा. प्रत्येक टक्क्यापुढे "शंभर किलो कशात" हे लिहिलंय. केमिस्टचं अर्धं समाधान तिथंच होतं, आणि शेतकऱ्याची नऊ आकड्यांची शंकाही तिथंच सुटायला लागते, कारण २० हे रसातले आणि ११ हे उसातले. दुसरं म्हणजे, उपमा संपल्यावर मूळ शब्द लगेच दिला आहे. पुढच्या पानापासून "रसाची फॅट" असं कुठंही लिहू नका. फक्त पोल. उपमा पुढं ओढत नेली की वाचकाला खरा शब्द कधीच मिळत नाही, आणि कारखान्याच्या फलकावर तोच शब्द दिसला की तो अडतो.

रिकव्हरीला हीच उपमा पुढं लागू होते, पण तिथं जपून. दुधातली फॅट ती फॅट, आणि घुसळून हाती आलेलं लोणी ते लोणी. उसातली साखर आणि पोत्यात भरलेली साखर यांचं नातं तसंच. शंभर किलो ऊस गाळून पोत्यात किती किलो साखर पडली, ती रिकव्हरी. थोडी साखर बगॅसमध्ये राहते, थोडी प्रेसमडमध्ये, आणि सगळ्यात जास्त मळीत. पण इथं "ताकात लोणी राहतं तशी मळीत साखर राहते" एवढंच लिहून सोडलंत, तर केमिस्ट पुन्हा लाल पेन काढतील. ताकात लोणी राहतं ते घुसळणाऱ्याच्या हातामुळं. मळीत साखर राहण्याचं मोठं कारण रसातच असतं. सुक्रोज नसलेले विरघळलेले पदार्थ काही सुक्रोजला धरून ठेवतात, तिचा दाणा होऊ देत नाहीत. कारखाना कितीही चांगला चालवला तरी कमी प्युरिटीच्या रसातून तेवढी साखर जाणारच. कारखान्याच्या कामात ढिलाई असू शकते, तिचा हिशेबही मागावा, पण दोन्ही कारणं एकाच वाक्यात मिसळली तर वाचक चुकीच्या माणसाशी भांडतो.

हे धरून ठेवणं किती, ते विंटरच्या सूत्रात दिसतं. उसातून अंदाजे किती साखर निघू शकेल यासाठी आपल्याकडे ते सर्रास वापरतात. CCS म्हणजे उसातून निघू शकणारी साखर, S म्हणजे रसाचा पोल, B म्हणजे तापमानाची दुरुस्ती केलेला ब्रिक्स:

```
CCS% = [S − 0.4 × (B − S)] × 0.73
```

सूत्र पुस्तिकेत घालावं की नाही? घालावं, चौकटीत, आणि खाली त्याचा अर्थ साध्या मराठीत. कंसातला B − S म्हणजे साखर नसलेला भाग. त्यातला प्रत्येक किलो आपल्याबरोबर ४०० ग्रॅम साखर मळीत नेतो, असं धरलंय. शेवटचा ०.७३ रसावरून उसावर आणतो, कारण उसात साधारण १३-१४ टक्के चोथा असतो आणि चरकात सगळा रस निघत नाही. एवढं लिहिलं की विशेषज्ञाला सूत्र मिळतं, आणि ज्याला सूत्र नको तो खालच्या ओळी वाचून पुढं जातो. दोघांसाठी दोन पुस्तिका लागत नाहीत.

आता एक उदाहरण करून दाखवते. आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण ते नेहमीच्या मर्यादेतले आहेत. को ८६०३२ चा पक्व, आजच तोडलेला ऊस. ब्रिक्स २०, पोल १७.५. प्युरिटी झाली ८७.५. साखर नसलेला भाग अडीच, त्याच्या ०.४ पट म्हणजे १. साडेसतरातून १ वजा केला, साडेसोळा राहिले. त्याला ०.७३ नं गुणलं की १२.०५. रिफ्रॅक्टोमीटरवर २० आणि उसातून निघू शकणारी साखर १२, हे अंतर असं पायरीपायरीनं दिसतं. कारखान्याची प्रत्यक्ष रिकव्हरी याच्याही खाली येते, कारण वाढे, माती, पाचट आणि शिळा ऊस हे सगळं त्याच गव्हाणीत पडतं.

तोच ऊस तोडणीनंतर चार दिवस फडात पडला असं समजा. टोळी आली, ट्रॅक्टर आला नाही, हे आपल्याकडे नवीन नाही. ऊस वाळतो, पाणी उडतं, रस घट्ट होतो. ब्रिक्स २१ झाला. त्याच वेळी आतलं सुक्रोज मोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, म्हणून पोल १७ वर आला. प्युरिटी ८१. आता १७ वजा १.६, म्हणजे १५.४, गुणिले ०.७३. उत्तर ११.२४. ब्रिक्स एक डिग्रीनं वाढला आणि टनामागं आठ किलो साखर गेली, शिवाय वजन घटलं ते वेगळंच.

माझ्या मते तुमच्या पुस्तिकेचं हृदय इथं आहे, आणि उपमेची खरी परीक्षाही इथंच होते. नुसतं "ब्रिक्स म्हणजे गोडी" वाचलेला शेतकरी शिळ्या उसाचा २१ बघून खूश होईल. लॅक्टोमीटरची उपमा वाचलेला निदान विचारेल, की जडपणा वाढला खरा, पण पोलचं काय झालं? चांगली उपमा वाचकाला न सांगितलेल्या प्रसंगात बरोबर प्रश्न विचारायला लावते. एखादी उपमा त्याला उलट अंदाजाकडे नेत असेल, तर ती कितीही गोड वाटली तरी मी काढून टाकते.

आता उपमा कुठं तुटते ते. तीन जागा आहेत, आणि तिन्ही पुस्तिकेत लिहाव्या लागतील. शेवटी टीप म्हणून नको. ज्या पानावर उपमा, त्याच पानावर तिची तुटण्याची जागा.

पहिली जागा केमिस्ट लगेच दाखवतील. दुधातली फॅट पाण्याहून हलकी असते, त्यामुळे फॅट वाढली की लॅक्टोमीटरचा आकडा उलट खाली येतो. रसातलं सुक्रोज मात्र ब्रिक्स वर नेतं. ताज्या, पक्व उसात ब्रिक्स आणि पोल साधारण बरोबरच चढतात, म्हणूनच तोडणी ठरवायला फडातला रिफ्रॅक्टोमीटर उपयोगी पडतो. हे लिहिलं नाही तर उपमा वाचून कुणी म्हणेल, मग ब्रिक्स बघायचाच कशाला? एक वाक्य पुरे: "दुधात फॅट वाढली की डिग्री घटते, रसात साखर वाढली की ब्रिक्स वाढतो, म्हणून ताज्या उसात ब्रिक्स भरवशाचा."

दुसरी जागा वेळेची. दुधातली फॅट दोन तासांत मोडून दुसरं काही होत नाही. उसातलं सुक्रोज तोडणीच्या क्षणापासून मोडू लागतं, उन्हात वेग जास्त. वरचं चार दिवसांचं उदाहरण हीच गोष्ट सांगतं, म्हणून तिथंच लिहा की इथं दुधाचं उदाहरण सोडून द्या.

तिसरी जागा पैशाची, आणि ती सगळ्यात धोक्याची. डेअरीत ज्याचं दूध त्याची फॅट आणि त्याचाच दर. कारखान्यात तसं नाही. एफआरपीचा दर कारखान्याच्या सरासरी रिकव्हरीला बांधलेला असतो. तुमच्या फडाचा ब्रिक्स २२ असला तरी टनामागं दर शेजाऱ्याएवढाच. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं १०.२५ टक्के रिकव्हरीला क्विंटलमागं ३५५ रुपये ठरवले, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जास्त. सरासरी ११ टक्के असलेल्या कारखान्यासाठी हिशेब असा: पाऊण टक्का म्हणजे साडेसात वेळा ०.१. त्याचे २५.९५ रुपये. दर झाला क्विंटलला ३८०.९५, म्हणजे टनाला ३,८०९.५० रुपये. त्यातून तोडणी आणि वाहतूक वजा होते, कारण एफआरपी हा कारखान्याच्या दारातला दर आहे. उपमेत डेअरी आली की वाचक नकळत डेअरीचा व्यवहारही बरोबर आणतो. "माझ्या उसाची रिकव्हरी मला द्या" अशी मागणी त्यातूनच उभी राहते. सरासरीची पद्धत योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो आणि तो व्हावाही, पण पुस्तिकेनं आज व्यवहार कसा चालतो ते चुकीचं सांगू नये.

या हिशेबाजवळ आणखी एक ओळ घाला: ०.१ टक्का रिकव्हरी म्हणजे टनामागं एक किलो साखर. टक्क्याचा दशांश कुणाच्या डोळ्यांसमोर उभा राहत नाही, एक किलो राहतो. आणि हे अचूकही आहे, त्यामुळे केमिस्टना तिथं पेन टेकवायला जागा उरत नाही. असं जिथं जमतं तिथं उपमा शोधतच बसू नका. एकक बदललं की काम होतं.

शब्दांबद्दल एक सावधगिरी. तुम्ही प्रश्नात रिकव्हरी म्हणालात, पुस्तिकेतही तोच शब्द ठेवा. आपल्याकडे एकरी टन किती आले त्यालाही उतारा म्हणतात आणि साखरेलाही. कन्नडमध्ये इळुवरी या शब्दाचं तसंच आहे. ज्यांच्या घरी मुलं कन्नड शाळेत जातात आणि आजोबा मराठी वाचतात, तिथं दोन्ही भाषांत गोंधळ न करणारा शब्द रिकव्हरीच. एकरी टनांसाठी "एकरी उत्पादन" लिहा.

रिफ्रॅक्टोमीटर वापरायचा भाग थोडक्यात द्या. कांडी कुठली घेतली यावर आकडा बदलतो. बुडख्याकडे जास्त, शेंड्याकडे कमी, आणि ऊस पक्व होत जातो तसं हे अंतर घटतं. म्हणून एकाच उसाचा खालचा आणि वरचा, दोन्ही आकडे घ्यायला सांगा, आणि फडात पाच-सहा ठिकाणी. साधं उपकरण २० अंश तापमानाला बेतलेलं असतं. ३० अंशाच्या उन्हात ते पाऊण डिग्रीच्या आसपास कमी दाखवतं, ते मिळवावं लागतं. स्वतः तापमान जुळवून घेणारी उपकरणं मिळतात, तसं त्यावर लिहिलेलं असतं.

इथेनॉलचा विषय या पुस्तिकेत घेऊ नका. उसाचा रस किंवा साखर शिल्लक असलेली मळी इथेनॉलकडे वळवली की पोत्यातली साखर कमी दिसते, आणि वळवलेल्या साखरेचा हिशेब रिकव्हरीत परत मिळवावा लागतो. ते समजावायला स्वतंत्र चार पानं लागतील. एका परिच्छेदात कोंबलंत तर दुधाच्या उपमेवर इतका भार येईल की ती कोलमडेल.

मसुदा झाला की दोन माणसांना दाखवा, पण दोघांना वेगळे प्रश्न विचारा. शेतकऱ्याला "कळलं का?" विचारू नका, तो मान ठेवून हो म्हणेल. त्याला अंदाज करायला लावा. तोडलेला ऊस चार दिवस पडला तर ब्रिक्स वाढेल की घटेल? साखर? वजन? आपल्या फडाचा ब्रिक्स जास्त आला तर आपल्याला दर जास्त मिळेल का? या चारांपैकी ज्यावर तो अडखळेल किंवा ज्याचं उत्तर उलट देईल, त्या पानावरची उपमा दुरुस्त करायची. शेवटचा प्रश्न नक्की विचारा, डेअरीची सवय तिथंच आडवी येते.

केमिस्टना "तपासून द्या" एवढंच म्हणून कागद देऊ नका. ते अपुरं असलेलं सगळं भरून काढतील आणि चार पानांची चौदा होतील. त्यांना विचारा, "यातलं कुठलं वाक्य खोटं आहे?" अपुरं वाक्य आणि खोटं वाक्य यांत फरक आहे. "पोल म्हणजे रसातलं सुक्रोज" हे अपुरं आहे, कारण पोल हा सुक्रोजचा प्रकाशाच्या वळणावरून काढलेला अंदाज असतो. ग्लुकोज-फ्रुक्टोज रसात जास्त झाले की तो थोडा खाली सरकतो, कारण फ्रुक्टोज प्रकाशाला डावीकडे ओढतं. हे चौकटीच्या खाली एका ओळीत आलं तरी चालेल. "ब्रिक्स म्हणजे उसातली साखर" हे मात्र खोटं आहे, ते कुठल्याही पानावर राहता कामा नये. केमिस्टनी अपुरं म्हणून खूण केलेल्या प्रत्येक वाक्याला एक कसोटी लावा: हे न सांगितल्यामुळं शेतकरी तोडणीचा, वाहतुकीचा किंवा पैशाचा एखादा निर्णय चुकीचा घेईल का? घेणार असेल तर भर घाला, नाहीतर तसंच ठेवा. तुमचे केमिस्ट आणि तुमचं एकमत होत नसेल, तर बेळगावला एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे, तिथल्या जाणकारांना तेवढीच दोन-तीन वाक्यं दाखवून या. सबंध पुस्तिका घेऊन जाऊ नका.